शेवटची संधी म्हणे!

गेम विक्रीतून जाणार अशी घोषणा झाली की हुबळीतली शहाणीसुरती माणसं एकदम घायकुतीला येतात. विद्यानगरात भाड्याच्या खोलीत राहणारा, मेसचे पैसे दर महिन्याला थकवणारा इंजिनिअरिंगचा पोरगा रात्री बाराच्या आत तीन गेम घेऊन मोकळा होतो. का, तर उद्या दुकानातलं विक्रीचं पान जाणार. खेळणार कधी? बघू. खेळायला लागणारं ग्राफिक्स कार्ड? ते पुढच्या वर्षी. कोप्पीकर रोडलगतच्या बोळात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे ही मंडळी माझ्याकडे येतातच, आणि सगळ्यांचा प्रश्न एक असतो : ‘‘काका, पान जातंय, घेऊन टाकू का?’’

मी उलट विचारतो, पान गेल्यावर नेमकं काय जाणार ते सांग. मग पोरगं गप्प. सूट किती टक्के ते त्याला पाठ असतं, शेवटची तारीख पाठ असते. जे विकत घेतोय ते त्या तारखेनंतर चालणार की नाही, याचा मात्र पत्ता नसतो. कंपन्यांना असंच गिऱ्हाईक हवं असतं आणि आपण ते इमानेइतबारे पुरवतो.

मोटारींच्या दोन गेमची हकीगत इथे सांगतो, कारण आमच्या भागात मोटारींच्या गेमचं वेड जुनं आहे आणि पान गायब होण्याचा रोगही याच गेमना सर्वांत जास्त जडतो.

पहिला ‘फोर्झा होरायझन ४’. मायक्रोसॉफ्टचा, ब्रिटनच्या रस्त्यांवर घडणारा, २०१८ च्या ऑक्टोबरात आलेला. २५ जून २०२४ रोजी जाहीर झालं की १५ डिसेंबर २०२४ ला तो सगळ्या दुकानांतून काढला जाणार. कारण त्यांनीच सांगितलं : भागीदारांबरोबरचे परवाने आणि करार संपताहेत. याचा अर्थ गेममधल्या गाड्या आणि गाणी. फेरारीपासून फोर्डपर्यंत प्रत्येक कंपनी आपलं नाव आणि गाडीचा आकार वापरू देण्याचा करार करते, रेडिओवरच्या प्रत्येक गाण्यामागे एक संगीत कंपनी उभी असते, आणि हे करार मुदतीचे असतात. मुदत संपली की नवी प्रत विकता येत नाही. मग स्टीमवर आणि एक्सबॉक्सवर दणदणीत सूट लागली, पोरांनी उड्या घेतल्या, आणि १५ डिसेंबरला पान गेलं. ज्यांनी घेतला त्यांच्याकडे तो आहे, पुन्हा डाउनलोड होतो, नेट नसलं तरी गाडी पळते. इथे घाई करणाऱ्यांचं काही चुकलं नाही.

दुसरा ‘द क्रू’. युबिसॉफ्टचा, २०१४ च्या डिसेंबरात आलेला. अख्खी अमेरिका आकसून एका नकाशात बसवलेली, या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यापर्यंत गाडी हाणायची. १४ डिसेंबर २०२३ रोजी तो विक्रीतून काढला. फोर्झाच्या आधी बरोबर एक वर्ष आणि एक दिवस. कारणही कानाला तसंच लागतं : सर्व्हरच्या पायाभूत अडचणी आणि संपत आलेले परवाने. पण इथे पानाबरोबर दुसरी तारीखही जाहीर झाली होती, ३१ मार्च २०२४. त्या दिवशी सर्व्हर बंद झाले आणि गेम मेला. एकट्याने खेळायचा भागही मेला, कारण एकट्याने खेळतानाही गेमला दर वेळी युबिसॉफ्टच्या सर्व्हरशी बोलावं लागत असे. दुकानातून डबा आणलेल्यांची डिस्कही बशीइतकीच उपयोगाची राहिली. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ समजलं असतं. एप्रिलमध्ये कंपनीने लोकांच्या खात्यांतून त्या गेमचा परवानाच काढून घेतला. चालू करायला गेलं की निरोप यायचा : आता तुम्हाला हा गेम उपलब्ध नाही, दुकानात जाऊन दुसरं काही बघा. ज्याने खिसा कापला तोच समोर उभा राहून नवं पाकीट विकतोय, इतका कोडगेपणा मी आमच्या दुर्गद बैलच्या बाजारातही पाहिलेला नाही, आणि तिथे मी भाव करण्यात उभा जन्म घालवलाय.

दोन्ही गेम मोटारींचे, दोन्ही डिसेंबरात गेलेले, दोन्हीकडे परवान्यांचं कारण. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. ‘द क्रू’ ऐन शेवटी ज्यांनी घेतला त्यांना साडेतीन महिन्यांचं भाडं भरल्यासारखं झालं. अलीकडे घेतलेल्यांना पैसे परत मिळू शकतील असं कंपनीने म्हटलं होतं. ‘अलीकडे’ म्हणजे कधीपासून हे अर्थातच तिने ठरवायचं. नऊ वर्षांपूर्वी पूर्ण किंमत मोजणाऱ्याला काय मिळालं? वर सांगितलेला निरोप.

म्हणून म्हणतो, ‘गेम गेला’ हा शब्दच फसवा आहे. त्यात तीन वेगळ्या घटना कोंबलेल्या असतात. एक, विक्री बंद होते. दुकानाची पाटी उतरते, नव्या गिऱ्हाइकाला माल मिळत नाही, एवढंच. दोन, गोदाम बंद होतं. म्हणजे आधी घेतलेल्यालाही पुन्हा डाउनलोड करता येत नाही. तीन, घरी नेलेली वस्तूच चालेनाशी होते. पहिली घटना रोज कुठे ना कुठे घडते आणि जुन्या गिऱ्हाइकाचं त्यात काही बिघडत नाही. दुसरी क्वचित घडते. ‘पी. टी.’ नावाचा भयपटासारखा छोटा फुकट गेम २०१४ च्या ऑगस्टमध्ये प्लेस्टेशन ४ वर आला होता. २०१५ च्या एप्रिलअखेर तो काढला आणि ज्यांनी घेतला होता त्यांनाही पुन्हा उतरवून घेता येईना. त्यानंतर ज्या यंत्रात तो शिल्लक होता ती यंत्रंच जादा भावाने विकली जाऊ लागली. तिसरी घटना खरी जीवघेणी. सूट मात्र पहिल्या घटनेच्या नावाने देतात आणि तिसरी बारीक अक्षरात छापतात.

तर ‘घेऊ का’ याचं माझं उत्तर : नेटची वायर काढल्यावर गेम चालत असेल आणि तो तुला खरोखर खेळायचा असेल, तर पान जायच्या आत घे, बिनधास्त घे. वायर काढल्यावर चालत नसेल तर पन्नास रुपयांतही घेऊ नकोस. मधला मार्ग मला माहीत नाही.

हे कळायचं कसं? विक्रीचं पान अजून शाबूत असतानाच ते नीट वाचायचं. सगळे जण वरचा व्हिडिओ बघतात आणि खालचा मजकूर सोडतात. प्लेस्टेशनच्या दुकानात गेमच्या माहितीत `Online play required` किंवा `Online play optional` असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पहिली ओळ दिसली की समजायचं, ही वस्तू दुसऱ्याच्या मेहेरबानीवर चालणार. स्टीमवर उजव्या बाजूच्या चौकटीत `Requires 3rd-Party Account` असेल तर खेळ चालू करताना स्टीमखेरीज आणखी एका कंपनीच्या दारात उभं राहावं लागणार. ते दार बंद झालं की स्टीम काही करू शकत नाही. त्याच पानावर खाली, यंत्र कसं लागेल त्या तक्त्यात इंटरनेट जोडणी ‘आवश्यक’ म्हणून मागितली असेल आणि गेम एकट्याने खेळायचा असेल, तर का मागितली हे विचारायचं. मोबाइलचं नेट अडीच मिनिटं गेलं म्हणून एकट्याने चाललेली शर्यत मधेच तुटते, असं खालच्या अभिप्रायांत कुणी लिहिलं असेल तर ती तक्रार शंभर जाहिरातींपेक्षा जास्त सांगते.

आणि मग खात्री. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो. हे दोन तास लोक मजा करण्यात घालवतात. तो तपासणीचा वेळ आहे. गेम पूर्ण उतरवून घ्यायचा, एकदा नेटवर चालू करून खात्याची जोडणी होऊ द्यायची, मग बंद करायचा. स्टीमच्या मेनूत `Go Offline` निवडायचं आणि वर राउटरची वायरही काढायची, कारण मेनूवर माझा विश्वास नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. आता गेम उघडतो का? उघडला तर नुसत्या मुखपृष्ठावर समाधान मानायचं नाही. काही गेम दारात पाहुणचार करतात आणि आत शर्यत सुरू करायला गेलं की ‘सर्व्हरशी संपर्क नाही’ म्हणतात. शर्यत पुरी करायची, बाहेर पडायचं, पुन्हा आत येऊन बघायचं की जिंकलेली गाडी गॅरेजात आहे का. नोंद तुमच्या डिस्कवर होते की परदेशातल्या कुठल्या सर्व्हरवर, ते इथे कळतं. गाडी नसेल तर दोन तास भरायच्या आत पैसे परत मागायचे. एवढं करूनही एक पळवाट उरते : काही गेम पहिल्या दिवशी नेटशिवाय चालतात आणि काही दिवसांनी पुन्हा ओळखपत्र मागतात. म्हणून चौदा दिवस संपता संपता हीच तपासणी आणखी एकदा करायची. ज्याला याचा कंटाळा येतो त्याने निदान आपण गेम ‘जपून ठेवण्यासाठी’ घेतला असं म्हणू नये.

हा सगळा खटाटोप नको असेल तर जीओजी नावाचं दुकान आहे. तिथे गेमची फाइल आपल्या डिस्कवर उतरवता येते, आणि ती बसवायला कुणाची परवानगी लागत नाही. २०२४ च्या १३ डिसेंबरला, म्हणजे फोर्झाचं पान जाण्याच्या दोन दिवस आधी, ब्लिझार्डच्या सांगण्यावरून ‘वॉरक्राफ्ट’चे पहिले दोन गेम तिथून विक्रीतून काढले गेले. ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्याकडे ते आहेत. दुकानच उद्या बुडालं तरी, फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली असेल तर, चालतील. पान जायच्या आत घ्यावी अशी वस्तू असेल तर ही. पण तिथे आमच्या पोरांना हवे असलेले नवे मोटारींचे गेम सहसा नसतात, आणि ते का नसतात हे आता वेगळं सांगायला नको.

आता घाईबद्दल. शेवटच्या आठवड्यात होणारी धावपळ मला मुळातच हास्यास्पद वाटते, कारण मोटारींच्या गेमच्या मरणाची तारीख बऱ्याचदा जन्माच्या दिवशीच कळते. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ६’ आला १५ सप्टेंबर २०१५ ला, विक्रीतून गेला १५ सप्टेंबर २०१९ ला. ‘फोर्झा होरायझन ३’ आला २७ सप्टेंबर २०१६ ला, गेला २७ सप्टेंबर २०२० ला. दिवसही चुकला नाही. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ७’ ऑक्टोबर २०१७ ते सप्टेंबर २०२१. करार चार वर्षांचे असावेत, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. होरायझन ४ ला सहा वर्षं मिळाली, ती जास्तीची म्हणायची. यावरून ‘होरायझन ५’चं काय होणार याचा अंदाज ज्याला करता येत नाही, त्याने ‘अचानक काढला हो’ म्हणून गळा काढू नये. तो गेम हवा असेल तर नेहमीच्या सेलमध्ये, शांतपणे, घोषणा व्हायच्या आधी घ्यावा. आधीच का, याला कारण आहे. होरायझन ४ च्या वेळी गेम विक्रीत राहिला डिसेंबरपर्यंत, पण त्याचे जोड-भाग सुटे विकणं घोषणेच्या दिवशीच, २५ जूनला, बंद झालं. म्हणजे ज्याच्याकडे साधी आवृत्ती होती आणि बेटाचा जोड-भाग नंतर घेऊ म्हणून ज्याने ठेवला होता, त्याला ‘सहा महिने आहेत’ ही बातमी वाचेपर्यंत मुदत संपलेली होती. हवं तर पूर्ण मोठी आवृत्ती पुन्हा घ्या! हा प्रकार ज्याला सुचला त्याला बढती मिळाली असणार.

गल्ला आधी आणि दुकान नंतर बंद करण्याची हातचलाखी इतरांनीही केली आहे. सोनीने २०२१ च्या मार्चमध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हिटाची दुकानं बंद करणार म्हणून जाहीर केलं, आरडाओरडा झाल्यावर एप्रिलमध्ये निर्णय फिरवला. लोकांनी पेढे वाटले. पण त्याच वर्षी २७ ऑक्टोबरपासून त्या दुकानांत कार्ड चालेनासं झालं. पैसे आधी दुसऱ्या वाटेने पाकिटात भरायचे, मग जुन्या यंत्रावर येऊन खरेदी करायची. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू यांचं दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं, पण कार्ड घेणं मे २०२२ मध्येच थांबवलं होतं आणि भेटकार्डं ऑगस्टअखेर. आपल्याकडे निन्टेन्डोचं रुपयांतलं अधिकृत दुकान नव्हतंच, त्यामुळे इथले लोक परदेशी खातं उघडून भेटकार्डांवरच गुजराण करत. त्यांच्या दृष्टीने बातमीतली तारीख आणि खरी तारीख यांच्यात निम्म्याहून जास्त वर्षाचं अंतर पडलं. तेव्हा दुकान बंद होणार अशी बातमी आली तर आधी गल्ला कधी बंद होणार ते वाचा.

पान गेल्यानंतर जागे होणारे वेगळेच. ते माझ्याकडे येतात तेव्हा हातात मोबाइल असतो आणि त्यावर कुणीतरी पाठवलेला भाव. न वापरलेल्या कीज दलालांकडे उरलेल्या असतात, पान गेलं की त्यांचा दर कित्येक पटींनी चढतो, आणि ती की कुठून आली हे विकणारा सांगत नाही. चोरीच्या कार्डावर घेतलेली निघाली तर कंपनी ती रद्द करते, पैसे दलालाकडे राहतात. त्याहून खालची पायरी म्हणजे ‘ऑफलाइन ॲक्टिव्हेशन’. दोनशे रुपयांत कुणाच्या तरी खात्याचा पासवर्ड मिळतो, तुम्ही एकदा शिरायचं, ऑफलाइन व्हायचं आणि पुन्हा कधी नेटवर यायचं नाही. एकच खातं असं अनेकांना विकलेलं असतं. विंडोज पुन्हा टाकायला लागली की गेम गेला, आणि विंडोज पुन्हा टाकायला ते माझ्याकडेच येतात. मी सांगतो की आता गेम परत मिळणार नाही, तर माझ्यावरच डोळे वटारतात.

एक गोष्ट मात्र वाकड्या तोंडाने का होईना, कबूल करायला हवी. २००५ चा ‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड’ आमच्या भागात ज्याने खेळला नाही असा त्या पिढीतला माणूस विरळा. कॉलेजांजवळच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने तो चालायचा, आणि एकाही यंत्रावर विकत घेतलेला नसायचा. आज संगणकासाठी तो कुठल्याच अधिकृत दुकानात मिळत नाही. त्याच मालिकेतले ‘कार्बन’, ‘अंडरकव्हर’, ‘शिफ्ट’, ‘शिफ्ट २’ आणि ‘द रन’ ३१ मे २०२१ ला विक्रीतून गेले, ऑगस्टअखेर त्यांचे सर्व्हर गेले. तरी ज्यांनी ते घेतले होते त्यांची एकट्याची शर्यत चालते, कारण ते जुन्या काळात, जुन्या पद्धतीने बनवलेले होते. आणि ‘मोस्ट वाँटेड’ आज जिवंत आहे तो पन्नास रुपयांच्या डीव्हीडी विकणाऱ्यांमुळे. कंपनीला पैसे देऊन जपायची सोयच कंपनीने ठेवलेली नाही. अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास करून सांगितलं की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. चोरीचं समर्थन करत नाही. पण चोराने जपलेला माल आणि मालकाने जाळलेला माल, यांतलं काय पुढच्या पिढीला मिळतंय ते दिसतंच आहे.

आता ‘करार वाचायला हवा होता’ म्हणणाऱ्या शहाण्यांकडे वळू. हे लोक दर वादात असतात. गेम विकत मिळत नाही, परवाना मिळतो, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, असं ते मिशीला पीळ देत सांगतात. ठीक. मग बटणावर ‘खरेदी’ का लिहिलेलं असतं? कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला की नुसता परवाना देत असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरू नका, आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. जी वस्तू उतरवून घेतल्यावर कायम नेटशिवाय वापरता येते तिला त्यातून सूट आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही वायर काढायची कसोटीच सापडली! कायदा मंजूर झाल्यावर, तो लागू व्हायच्या आधीच, स्टीमने कार्टखाली एक ओळ घातली की तुम्हाला परवाना मिळतोय. इतकी वर्षं ती ओळ तिथे घालायला काय अडचण होती?

‘द क्रू’च्या निमित्ताने कॅलिफोर्नियात दोन खेळाडूंनी युबिसॉफ्टवर दावा लावला. कंपनीचं म्हणणं, डब्यावर लिहिलं होतं की सेवा बंद होऊ शकते, आणि लोकांनी मर्यादित परवाना घेतला होता. वादींनी उत्तरादाखल डब्यातल्या कोडचा फोटो पुढे केला. त्या कोडची मुदत २०९९ सालापर्यंत छापलेली होती. तेव्हा करार वाचा म्हणणाऱ्यांनी हाही कागद वाचावा. पंच्याऐंशी वर्षांच्या मुदतीचं कूपन आणि दहा वर्षंही न टिकलेला गेम, एकाच डब्यात.

यावर कंपन्यांचा शेवटचा हुकमी पत्ता असतो तो तांत्रिक अडचणीचा. सर्व्हरवर बेतलेला गेम नेटशिवाय चालवणं शक्य नाही, खर्च परवडत नाही, वगैरे. ‘द क्रू’च्या मरणानंतर रॉस स्कॉट या अमेरिकन यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. मागणी एवढीच की विकलेला गेम, सेवा बंद करताना, चालण्याजोग्या अवस्थेत सोडा. सर्व्हर जन्मभर चालवा असं कुणी म्हणत नाही. युरोपीय संघाकडे पाठवायच्या निवेदनावर ३१ जुलै २०२५ पर्यंत चौदा लाखांवर सह्या झाल्या, ज्याला दहा लाख पुरतात. आणि या गोंगाटात युबिसॉफ्टला काय आठवलं? ‘द क्रू २’ला नेटशिवाय खेळायची सोय देऊ, असं तिने २०२४ च्या सप्टेंबरात जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी ती दिलीही. मालिका तीच, कंपनी तीच. पहिल्या गेमच्या वेळी जे अशक्य होतं ते आरडाओरडा झाल्यावर वर्षा-दीड वर्षात शक्य झालं. पहिल्या ‘द क्रू’चं तर खेळाडूंनीच स्वतःच्या वेळात, बिनपगारी, पर्यायी सर्व्हर लिहून २०२५ मध्ये पुनरुज्जीवन केलं. ज्याच्याकडे फाइल उरली होती त्याचा गेम पुन्हा धावू लागला. इथे माझ्या नियमाला एक पुरवणी जोडावी लागते : मेलेला गेम लगेच पुसून टाकू नका, हार्ड डिस्कवर जागा असेल तर पडू द्या.

आणि आपण? आपल्या देशात परदेशी कंपनीकडून गेम घेतला की १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो वस्तू म्हणून लागत नाही, ऑनलाइन सेवा म्हणून लागतो. सरकारला ही सेवा आहे हे २०१७ पासून पक्कं माहीत आहे. ती सेवा किती दिवस मिळणार हे विक्रेत्याने सांगावं, असं मात्र कुणाला वाटलेलं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर केंद्राने ऑनलाइन फसवणुकीच्या तेरा प्रकारांना बंदी करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे : ‘दोनच शिल्लक’, ‘दहा मिनिटांत संपणार’ छापाची भीती घालून माल खपवणं. पण पान जाणार ही घाई खरी असते, तारीख खरी असते, सूटही खरी असते. खोटं कुठेच काही नाही. फक्त चार महिन्यांनी वस्तू चालणार नाही हे तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. या चोरवाटेला चौदावा आकडा अजून मिळालेला नाही.

कायदा अगदीच आंधळा आहे असंही नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने माणसाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता पॅरिसचा असला तरी हुबळीच्या माणसाने धारवाडच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभं राहायला हरकत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क शून्य आहे. तक्रार ऑनलाइनही भरता येते. त्यासाठी लागतं काय? खरेदीची पावती, ज्या दिवशी घेतला त्या दिवशीच्या विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट, आणि गेम बंद पडल्यावर आलेला निरोप. पावती ईमेलमध्ये सापडते. निरोप तर कंपनी आवर्जून दाखवते. पानाचा स्क्रीनशॉट मात्र कुणाकडेच नसतो, आणि तो नंतर काढता येत नाही, कारण पान गेलेलं असतं. तेव्हा शेवटच्या रात्री बाराच्या आत घ्यायचाच असेल तर बटण दाबण्याआधी अख्खं पान, खालच्या बारीक अक्षरांसकट, साठवून ठेवा. पोरांना हे सांगितलं की ती हसतात. हसोत. ‘होरायझन ५’च्या पानाचा माझा काढून झाला आहे.